सोमवारचा भाव

सोमवारी सकाळी अकराला दुकानातला फोन वाजायचा आणि तो मीच उचलायची. कोपऱ्यात मशिनवर बसणारे शिंपीकाका फोनला हात लावत नाहीत. यंत्रातून बोललेलं त्यांना ऐकू येत नाही म्हणे. समोर उभं राहून बोललेलं तरी कुठे धड ऐकू येतं, पण तो विषय आम्ही काढत नाही.

"बाई, लिहून घ्या," पलीकडून आवाज यायचा. "लोकरीचा कोट. सत्तावीसशे."

"म्हणजे पुन्हा दीडशेच उतरवलेत."

"दीडशेच."

"तुमच्या हातून कधी चुकून तीनशे सुटलेत का हो?"

"सुटले तर मीही सुटेन, नोकरीतून."

मग मी जरा हसायची, ते जरा खोकायचे. तिकडे थंडी कशी आहे, मी विचारायची. खोलीला खिडकीच नाही, काय सांगू, असं ते म्हणायचे. पाच-सात मिनिटं अशी जायची. फोन ठेवला की मी लाल स्टिकरचं भेंडोळं घेऊन कोटांच्या रांगेत शिरायची आणि कालच्या स्टिकरवर आजचा चिकटवायची. आठवडाभरात माझ्याशी एवढा वेळ बोलणारं दुसरं माणूस नव्हतं. गिऱ्हाइकं बोलतात, पण ती कोटाशी बोलतात.

हे गृहस्थ हेड ऑफिसात बसून आमच्या सगळ्या शाखांच्या हंगामी मालाचे भाव ठरवतात. नऊ वर्षांत मी त्यांना पाहिलेलं नाही. नाव ठाऊक आहे, पण घेतलं कधी नाही. मी त्यांना भावसाहेब म्हणते आणि ते मला बाई.

त्यांचं काम ऐकायला सोपं आहे. हंगामाचा माल नाशवंत असतो. दूध उतू जातं नाहीतर नासतं; कोटाचं तसंच, थंडी सरली की त्याला कोणी हुंगत नाही. सोळा आठवड्यांचा हंगाम. पहिले आठ आठवडे पूर्ण किंमत, तीन हजार. नवव्या आठवड्यापासून भावसाहेब दर रविवारची विक्री घेऊन बसतात. आलेल्या मालातला किती टक्के गेला आणि आजपर्यंत किती जायला हवा होता, हे शेजारी-शेजारी मांडतात. शाखा मागे असेल तर भाव उतरतो, पुढे असेल तर आहे तिथेच राहतो. हंगाम संपेपर्यंत शंभरातले नव्वद गेले पाहिजेत. आणि जाताना कंपनीच्या पदरात काही पडलंही पाहिजे. कोट कंपनीला बाराशेला पडतो. विक्रीच्या किमतीतला निदान पाचवा हिस्सा नफा सुटलाच पाहिजे, असा मालकांचा दंडक. म्हणजे दीड हजार हा तळ. त्याखाली उतरायला मालकांची सही लागते, आणि तशी सही झालेली कोणी पाहिलेली नाही.

तळापर्यंत कसं उतरायचं, हे मात्र सगळं भावसाहेबांच्या हातात. एका उडीत उतरा, नाहीतर पायरी-पायरीने. माझ्या शाखेला ते पायरी-पायरीने उतरवत आले होते. तुमची गल्ली शांत आहे बाई, असं ते म्हणायचे, तुमची गिऱ्हाइकं घाई करणारी नाहीत, उगीच एकदम भाव पाडून नफा का घालवा? सुरुवातीची काही वर्षं ते खरंही होतं. माझ्या शाखेचा नफा चांगला यायचा आणि वरून कधीमधी शाबासकीही. मला वाटायचं, हा माणूस माझं दुकान जपतोय.

मग गिऱ्हाइकं शहाणी झाली.

ती कशी झाली, ते मी रोज बघत होते. कोटाच्या चिठ्ठीवर एकावर एक स्टिकर चढत गेला की त्याचा चांगला जाडसर थर होतो. बायका नखाने वरचा सोलून खालचा बघतात, त्याच्या खालचाही बघतात. मागच्या आठवड्यात दीडशे, त्याच्या मागच्या आठवड्यात दीडशे. मग पुढच्या आठवड्यातही दीडशे उतरणार, हे कळायला शाळेत जावं लागत नाही. आणि जिला हे सगळ्यात आधी कळलं, ती तर शाळेत शिकवणारी होती.

मास्तरीणबाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. सोमवारी दुपारी येणार, मरून कोट काढणार, आरशासमोर घालणार, इकडून बघणार, तिकडून बघणार, चिठ्ठी वाचणार आणि कोट परत टांगणार.

"छान दिसतो की," मी म्हणायची.

"दिसतोच. पण अजून उतरेल ना."

"तोवर दुसरं कोणी नेलं तर?"

"कोण नेणार? सगळ्याच थांबल्यात." मग आवाज खाली आणून म्हणायच्या, "दळणाच्या गिरणीतली म्हणाली, ती अडीच हजाराला घेणार होती, आता म्हणते दोन हजाराला घेईन."

सोमवारी दुकानात निदान दहा-बारा बायका अशा येऊन जायच्या. कोटांना हात लावून, आकडा वाचून, समाधानाने घरी. मी त्यांना पाहुण्या म्हणायची. पाहुण्यांना चहा तरी द्यावा लागतो. यांना तोही नको असायचा. गल्ला उघडायचा प्रसंग येत नसे, आणि रविवारी मी भरायची ती विक्री बघून भावसाहेब पुन्हा दीडशे उतरवायचे. भाव उतरतो म्हणून त्या थांबायच्या, त्या थांबतात म्हणून भाव उतरायचा. माझ्या डोक्याला ताप नुसता.

एरवी मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण यंदा हंगामाच्या सुरुवातीलाच विभागाचे साहेब येऊन सांगून गेले होते, की जिथे नव्वद टक्के होणार नाहीत त्या शाखेचा भाडेकरार मालक पुढे चालवणार नाहीत. चहा पिता-पिता सांगितलं त्यांनी, जणू माझ्याबद्दल नव्हतंच ते. कपबशी स्वतः उचलून ठेवली, तेवढं मात्र चांगलं वळण.

दुकान बंद झालं तर मी कुठे जाणार, हे माझ्या वहिनीने कधीच ठरवून ठेवलं आहे. मी लग्न केलं नाही. आई होती तोवर आईचं केलं. ती जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून वहिनीचा रविवारी फोन येतो.

"एकट्याने काय करता हो तिथे वन्सं? या की इकडे. मुलांच्या खोलीत घडीची कॉट टाकू. मुलांनाही आत्या हवीच आहे, शाळेतून आल्यावर कोणीतरी लागतंच घरात."

वहिनी वाईट नाही. तिला खरंच वाटतं की ती मला काहीतरी देते आहे. पण दुसऱ्यांच्या मुलांच्या खोलीत, त्यांच्या दप्तरांच्या शेजारी, दिवसा घडी करून भिंतीला लावून ठेवायच्या कॉटवर मला म्हातारं व्हायचं नव्हतं. दुकानात निदान काउंटरमागची जागा माझी आहे. तिथे कोणी माझी घडी घालत नाही.

तर, भाव उतरायला लागून पाचवा आठवडा चालू होता. कोट साडेबावीसशेवर आला होता. आलेल्या दोनशे चाळीस कोटांपैकी पूर्ण किमतीला शहाण्णव गेले होते, आणि उताराच्या या सगळ्या आठवड्यांत मिळून जेमतेम अडतीस. टक्केवारी छप्पन्न. हातात शेवटचे तीन आठवडे उरणार होते.

शुक्रवारी एक तरुण बाई आली. हातात आमचाच कोट, निळा, घडी न मोडलेला. बहिणीने नदीपलीकडच्या शाखेतून घेतला होता, हिला आखूड होत होता. मोठ्या मापाचा बदलून हवा होता. कंपनीचा नियम आहे, माल कुठल्याही शाखेत बदलून द्यायचा. मी चिठ्ठी हातात घेतली आणि सवयीने अंगठा थरावरून फिरवला. थर नव्हताच. एकच स्टिकर होता. त्यावर एकवीसशे.

पावती बघितली. उतार सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यातली. त्या आठवड्यात माझ्याकडे कोट होता अठ्ठावीसशे पन्नासला.

मी त्या बाईला मोठा कोट दिला, पिशवी दिली, दारापर्यंत सोडलं. मग शिंपीकाकांना म्हटलं, जरा काउंटर बघा. त्यांनी ऐकलं नाही, पण माझा चेहरा बघून ते येऊन उभे राहिले.

नदीपलीकडच्या मॅनेजरबाई फोनवर फार मोकळ्या. "अहो, आमचा कधीच उरकला. भावसाहेबांनी पहिल्याच फटक्यात तीस टक्के उतरवला, मग तीन आठवडे हातच लावला नाही. बायकांना कळलं, आता लगेच काही उतरत नाही, घ्यायचा तर घ्या. रांग लागली होती. मग एकदा अठराशे केला, ते राहिलेसाहिलेही गेले. सगळ्याच शाखांना तसंच होतं ना. तुम्हाला नाही?"

"सोमवारी तुम्हाला फोन करून सांगतात का?" मी विचारलं.

"फोन? छे हो. शुक्रवारी मेल येतो सगळ्यांना मिळून, दोन ओळींचा. त्या माणसाचा आवाज कसा आहे तेही मला माहीत नाही." आणि मग हसत म्हणाल्या, "का? तुम्हाला फोन येतो?"

मी म्हटलं, नाही, सहज विचारलं.

हे खोटं मी का बोलले, ते त्या दिवशी मला उमगलं नाही. राग तर एवढा आला होता, की संध्याकाळी शटर ओढताना कुलपाची किल्ली वाकडी झाली. माझं दुकान बुडत होतं आणि हा माणूस मला दीडशे-दीडशेची गोळी देत होता. मोठा उतार दिला असता तर तीन आठवडे भाव हलवता आला नसता. भाव हलला नाही तर फोन करायला कारण काय? एवढं समजायला मला शनिवारची रात्र पुरली. रविवारी वहिनीचा फोन आला तेव्हा मी काहीतरीच उत्तरं दिली आणि तिने ते होकार समजून कॉटची मापं सांगितली.

आणि एक गोष्ट मला त्याहून जास्त छळत होती. हे सगळं कळल्यावरही सोमवारी मी साडेदहालाच काउंटरमागे येऊन बसले होते, केस नीट करून. फोनला डोळे नसतात हे मला माहीत आहे.

अकराला वाजला.

"बाई, लिहून घ्या. लोकरीचा कोट. एकवीसशे."

"नदीपलीकडे एकवीसशे कधी झाला?" मी विचारलं.

पलीकडे खुर्ची करकरली. मग नेहमीचा खोकला.

"तिकडची गल्ली वेगळी आहे," ते म्हणाले. "गर्दीची आहे."

"सगळ्या शाखांच्या गल्ल्या गर्दीच्या आहेत? फक्त माझी एकटीचीच शांत? भावसाहेब, मी छप्पन्न टक्क्यांवर आहे. या आठवड्याला शहात्तर हवे होते. तुम्हालाच माहीत असेल, तुमच्यासमोरच मांडलेलं असेल ते. माझ्या बायका पाच आठवडे नुसत्या स्टिकर सोलतायत. तिकडे जो कोट एकवीसशेला गेला तो मला आता त्याहून खाली विकावा लागणार आहे. नफा जपता ना तुम्ही? कुठे गेला तो नफा? माझं दुकान बुडवलंत तुम्ही."

"दरवर्षी तुमचा नफा चांगला यायचा, म्हणून..."

"ती गल्ली आता राहिली नाही. तुम्हाला आकड्यांत दिसत नव्हतं का?"

"दिसत होतं," ते म्हणाले.

एवढं सरळ उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. काहीतरी कारण सांगतील, टक्केवारी पुढे करतील, मग मी आणखी चिडेन, असं सगळं मी रविवारी मनात बोलून ठेवलं होतं. ते फुकट गेलं.

"तळाला न्या," मी म्हटलं. "आजच. दीड हजार. त्याखाली जा असं मी म्हणत नाही. तिथपर्यंत जायला तुम्हाला कोणाला विचारावं लागत नाही."

"नाही लागत."

"मग?"

"एकदा तळ गाठला की तो तिथेच राहतो, बाई. पुढे काही करता येत नाही."

"मला माहीत आहे."

"म्हणजे पुढच्या सोमवारी तुम्हाला सांगायला माझ्याकडे काही उरणार नाही."

शिंपीकाका मशिनवर एक पँट आखूड करत होते. त्यांनी पाय थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. मला तेव्हा फार काही म्हणावंसं वाटलं. नऊ हिवाळे आणि तेवढेच उन्हाळे, दर हंगामाचे ते उताराचे आठवडे. मधल्या आठ-आठ आठवड्यांत, भाव जागेवर असायचा तेव्हा, मी कॅलेंडरवर उताराच्या पहिल्या सोमवारी पेन्सिलने बारीक टिंब करायची. तेही कधी कोणाला सांगितलं नाही. त्यांना सांगितलं असतं तर काय झालं असतं? पण माझ्या डोळ्यांपुढे ती घडीची कॉट आली.

"लिहून घेते," मी म्हटलं. "दीड हजार."

"दीड हजार," ते म्हणाले. "शेवटचा भाव, असंही लिहा वर. पाटीवर मोठं लिहा. नाहीतर त्या अजून थांबतील."

शेवटपर्यंत कामाचं माणूस. मी फोन ठेवला, थर झालेले जुने स्टिकर खरवडून काढले, कारण त्यांच्यावर नवा लावला असता तर पुन्हा तेच शिकवणं झालं असतं, आणि कोऱ्या चिठ्ठीवर एकच लावला. पुठ्ठ्यावर जाड अक्षरात लिहिलं, शेवटचा भाव, आता उतरणार नाही. शिंपीकाकांनी तो काचेत उभा केला, एकदा उलटा, मग सुलटा.

दुपारी पाहुण्या आल्या. पाटी वाचली, चिठ्ठी सोलायला गेल्या तर खाली काहीच नाही. एकीने मला विचारलं, खरंच नाही उतरणार? मी म्हटलं, माझ्या हातात असतं तरी नाही. गिरणीतलीने दोन घेतले, एक स्वतःला आणि एक जावेला, आणि दोन्हींचे पैसे जावेकडून घेईन म्हणाली. तिच्यामागे बाकीच्या. इतके दिवस ज्या हात लावून जात होत्या त्यांची मापं मला पाठ होती. आत जाऊन शोधावं लागलं नाही. त्या आठवड्यात एक्कावन्न कोट गेले.

मास्तरीणबाई मंगळवारी आल्या. मरून कोट मी बाजूला काढून ठेवला होता, तसं करायची आम्हाला परवानगी नाही. त्यांनी घातला, आरशात पाहिलं, इकडून, तिकडून. मग पैसे मोजून दिले. मला वाटलं होतं, जिंकल्यासारख्या दिसतील. अर्ध्या किमतीत मिळाला होता की. पण पिशवी हातात धरून त्या काउंटरपाशी उगीचच उभ्या राहिल्या.

"मग आता सोमवारी नवीन काही नाही येणार?" त्यांनी विचारलं.

"आता उन्हाळी माल येईल. पण त्याचा भाव बरेच आठवडे हलणार नाही."

"हो का," त्या म्हणाल्या. "बरं."

हंगाम संपला तेव्हा दोनशे वीस कोट गेले होते. एक्क्याण्णव टक्के आणि वर काहीतरी. उरलेले वीस खोक्यांत भरून ठोक व्यापाऱ्याकडे पाठवले. एकही कोट तळाखाली विकला नव्हता. विभागाचे साहेब येऊन म्हणाले, भाडेकरार पुढे चालू, शेवटी जोर मारलात तुम्ही. मी वहिनीला फोन करून सांगितलं. ती जरा हिरमुसली, मग म्हणाली, बरं झालं हो वन्सं, आणि लगेच विचारलं, की त्या वीसातला एखादा तिच्या मापाचा मिळाला असता का.

म्हणजे मला हवं होतं ते सगळं झालं. दुकान राहिलं. काउंटरमागची जागा राहिली.

सोमवारी अकराला मात्र दुकानात एवढी शांतता असायची, की मशिनची सुई कुठल्या कापडातून जाते तेही कळावं. पहिल्या सोमवारी मी फोनवरची धूळ पुसली. दुसऱ्या सोमवारी उचलून बघितलं, चालू आहे का. चालू होता. शुक्रवारी मेल आला होता, या खेपेला मलाही, सगळ्या शाखांना मिळून, दोन ओळींचा. मी तो तीनदा वाचला. त्यात माझ्यासाठी वेगळं काही नव्हतं.

तिसऱ्या सोमवारी मी हेड ऑफिसचा नंबर फिरवला. ऑपरेटरने जोडून दिला.

"बोला बाई," ते म्हणाले. मी काही बोललेही नव्हते.

"उन्हाळी माल आला."

"आला ना. सगळी मापं आली?"

"आली."

"बरं."

मी वाट बघितली. तेही वाट बघत असावेत. तिकडे थंडी कशी आहे, हे विचारण्यात अर्थ नव्हता, थंडी गेली होती. एरवी भाव सांगून झाला की त्याच्या मागून आपोआप पाच-सात मिनिटं यायची. भावच नव्हता, तर ती कुठल्या टोकाला धरून ओढायची, ते दोघांनाही सुचेना.

"यंदा तुमची शाखा मी बाकीच्यांसारखीच ठेवतोय," ते म्हणाले. "पहिला उतार मोठा. मग तीन आठवडे हात लावायचा नाही. मेल येईल तुम्हाला."

"तेच बरोबर आहे."

"बरोबर आहे ना?"

"हो," मी म्हटलं. "मीच म्हटलं होतं."

मग ते खोकले आणि मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. दोन मिनिटंही झाली नव्हती. मला रडू येईल असं वाटलं, पण दुकान उघडं होतं.

तेवढ्यात दार ढकलून मास्तरीणबाई आत आल्या. बाहेर चांगलं ऊन होतं आणि यांच्या अंगात मरून कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. कपाळावर घाम.

"बाह्या जरा लांब वाटतात," त्या म्हणाल्या.

मी बघितलं. बाह्या अगदी मनगटाला टेकल्या होत्या. त्यांना कोट किती नेमका बसतो ते सगळा हिवाळाभर माझ्याइतकं कोणी पाहिलं नसेल. मी तसं म्हणणार होते; तोंड उघडलंही होतं. पण शिंपीकाका मशिनमागून उठून आले. त्यांना ऐकू आलं होतं की नाही, देव जाणे. त्यांनी टेप काढली, बाही मापली, उलटी करून शिवण पाहिली, पुन्हा मापली.

"अर्धा इंच घ्यायला हवा," ते म्हणाले.

"घेता येईल?"

"येईल. पण एकदम नाही घेत मी. लोकर आहे, बिघडते. आज पाव इंच घेतो. पुढच्या सोमवारी या, मग बघू."

मास्तरीणबाईंनी लगेच कोट काढून त्यांच्या हातात दिला आणि स्टुलावर बसल्या. शिंपीकाकांनी मशिनवर जाऊन बाहीची शिवण उसवली, आणि मी काउंटरवरून नीट पाहिलं, तिथेच परत घातली. पाव इंच काय, दोराभरही घेतलं नाही.

मी त्या दोघांसाठी चहा ठेवला. तिसरा कप ओट्यावर काढला होता, तो माझ्यासाठी भरला, आणि फोनपाशी उभं राहून प्यायले.